एकाच कारखान्याची पाच दारं

साशंक: एका कंपनीतल्या पाच माणसांना एकदम गाठायचं, हे मीटिंगमध्ये ऐकायला फार छान वाटतं. पण चाकणच्या एखाद्या कारखान्यात जाऊन बघ. मेंटेनन्सवाला, परचेसवाला आणि फायनान्सवाला दुपारी एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात आणि संध्याकाळी एकाच बसने निगडीपर्यंत येतात. आपण काँप्रेसर विकतो, आणि आपली समजूत अशी की पाच खात्यांशी आपली पाच वेगळी बोलणी चालली आहेत. त्यांना मात्र दिसतं ते असं की एकाच कंपनीची माणसं आठवड्यात तीनदा गेटवर आली, प्रत्येकाने वेगळ्याच साहेबांचं नाव सांगून पास काढला, आणि आत जाऊन प्रत्येक जण आपणच मुख्य असल्यासारखा बोलला. गेटवरच्या रजिस्टरात कोण कुणाला भेटायला आलं ते लिहिलेलं असतं, आणि परचेसच्या माणसाला ते चाळायला वेळ लागत नाही. त्यामुळे माझं जुनं मत अजून तेच आहे. एक माणूस धरावा, त्याचा विश्वास कमवावा, आणि पुढे कुणाकडे जायचं ते त्यालाच ठरवू द्यावं.

उत्साही: आणि तो माणूसच गेला तर? मी एका युटिलिटी मॅनेजरला आठ महिने धरून होतो. चहा झाला, ट्रायल झाली, त्याने तोंडी होकारही दिला, आणि त्याची साणंदच्या प्लांटला बदली झाली. त्याच्या जागी आलेल्या माणसाने मला पहिलाच प्रश्न केला, ‘तुम्ही कोण?’ आठ महिन्यांतलं एकही अक्षर त्या कारखान्यात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. आणि बदली झाली नसती तरी सर, निर्णय एकट्याचा नसतोच. वेबस्टर आणि विंड या दोन अभ्यासकांनी १९७२ मध्येच हे मांडून ठेवलंय, की कंपनीच्या खरेदीत वापरणारा, सल्ला देणारा, खरेदी करणारा, ठरवणारा आणि दार राखणारा अशा वेगवेगळ्या भूमिका असतात. आपल्या ७५ किलोवॅटच्या मशीनचंच घ्या. ते चालवणार युटिलिटीवाला, ऑर्डर काढणार परचेस, सही प्लांट हेडची, आणि पैसे किती वर्षांत परत मिळणार हे विचारणार फायनान्स. तुमचा एक माणूस या सगळ्यांसमोर आपली बाजू कशी मांडणार? परताव्याचं गणित त्याला मांडता येत नाही हा त्याचा दोष नाही. ते त्याचं कामच नाही.

साशंक: सगळ्यांकडे गेल्यावर काय होतं ते सांगतो, कारण त्यात मी स्वतः होतो. कारखान्याचं नाव राहू दे. गुरुवारची सुट्टी होती, उत्पादन बंद. आमच्या सर्व्हिस इंजिनिअरने मेंटेनन्सच्या प्रमुखाच्या परवानगीने गळतीची चाचणी घेतली. चाचणी अगदी साधी असते. हवा वापरणारं एकही मशीन चालू नसताना काँप्रेसर सुरू ठेवायचा आणि हातात घड्याळ घेऊन उभं राहायचं. पाइपलाइन ठरलेल्या दाबापर्यंत भरली की मशीन अनलोड होतं, म्हणजे मोटर फिरत राहते पण हवा देत नाही. गळतीमुळे दाब उतरला की ते परत लोड होतं. आमच्याकडे ते सरासरी ९० सेकंद लोडवर आणि २७० सेकंद अनलोडवर चाललं. एकूण ३६० सेकंदांतले ९०, म्हणजे मशीनच्या क्षमतेच्या एक चतुर्थांश हवा कुणी न वापरता निघून जात होती.

आता पैशाचं बघ. ७५ किलोवॅट, वर्षाला ६,००० तास, म्हणजे साडेचार लाख युनिट. ८ रुपये दर धरला तर ३६ लाख रुपये. आमच्या सेल्सच्या पोराने ३६ लाखांचा चौथा हिस्सा काढला आणि थेट प्लांट हेडला मेल केला, ‘आपण दरवर्षी ९ लाख रुपये वाचवू शकता.’ सर्व्हिस इंजिनिअरला माहीत होतं की अनलोडवर असतानाही जुनं मशीन पूर्ण लोडच्या जवळजवळ एक तृतीयांश वीज खातं. म्हणजे गळती बंद केली तरी वाचणार ते नऊतले दोन तृतीयांशच. त्याने मेंटेनन्सच्या प्रमुखाला खाजगीत आकडा दिला, ६ लाख. दोघंही खरंच बोलत होते. पोराच्या डोक्यात आमचं नवं मशीन होतं, जे गरजेप्रमाणे वेग कमी करतं आणि अनलोडवर फुकट फिरत बसत नाही. त्यात बचत नऊच्या जवळ जाते. फक्त ते त्याने मेलमध्ये लिहिलं नव्हतं.

पुढच्या मीटिंगमध्ये फायनान्सच्या माणसाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, ‘यातली तुमची कंपनी कोणती?’

उत्साही: वाक्य चांगलं आहे.

साशंक: त्या खोलीत बसलेल्याला चांगलं नाही वाटलं. आणि आकड्याचं एक वेळ सावरता आलं असतं. जे सावरलं नाही ते वेगळंच होतं. प्लांट हेड मेंटेनन्सच्या प्रमुखाकडे वळून म्हणाले, ‘दरवर्षी ९ लाखांची हवा जातेय आणि हे मला बाहेरच्या माणसाने सांगायचं?’ ज्या माणसाने सुट्टीच्या दिवशी येऊन आम्हाला चाचणी करू दिली, त्याच्याच डोक्यावर आम्ही ती चाचणी फोडली. त्यानंतर दीड वर्ष त्याने आमच्या कुणाचाही गेट पास मंजूर केला नाही. तू म्हणालास ना, दार राखणारा? तो हाच.

उत्साही: ही गोष्ट तुमच्या बाजूने नाही, माझ्या बाजूने जाते. तुमचा घोटाळा पाच माणसांना भेटल्यामुळे झाला नाही. एक तर आकडा कोणत्या गृहीतावर उभा आहे ते घरात ठरलं नव्हतं, आणि दुसरं, बातमी कुणाला आधी कळायला हवी याचा कुणी विचारच केला नव्हता. मी करतो ते असं. आकड्यांचा कागद एकच असतो. वर्षाचे तास, विजेचा दर, चाचणीची तारीख, नुसती गळती बुजवली तर किती, नवं मशीन घेतलं तर किती, सगळं त्या एका पानावर. तुमच्या उदाहरणात ६ आणि ९ दोन्ही आकडे त्या पानावर असते, एकाखाली एक, दोन्हीची कारणं लिहून. ते पान आपल्यातला कुणीही कुणाकडेही नेऊ शकतो, पण त्यावर खाडाखोड करायचा अधिकार एकालाच. बोलणं मात्र प्रत्येकाशी वेगळं. युटिलिटीवाल्याला मी बचत सांगतच नाही. त्याला विचारतो की रात्रपाळीत दाब उतरला तर पहिला फोन कुणाला येतो, स्पेअर किती दिवसांत मिळतो, सर्व्हिसला माणूस वेळेवर येतो का. फायनान्सला विचारतो की प्रस्ताव कोणत्या महिन्यात आला तर पुढच्या एप्रिलच्या बजेटात बसतो, आणि परतावा किती वर्षांच्या आत असेल तर ते वाचतात. परचेसला विचारतो की व्हेंडर कोड निघायला काय काय लागतं. विकायचं एकच आहे, पण प्रत्येकाची डोकेदुखी वेगळी आहे.

आणि क्रम. ज्याच्या खात्यातली उणीव बाहेर येणार, त्याला ती सगळ्यात आधी दाखवायची, आणि वर नेताना त्याच्या तोंडूनच जाऊ द्यायची. तुमच्या त्या प्रमुखाला मी म्हणालो असतो, ‘हा रिपोर्ट तुमचा. साहेबांपुढे तुम्ही ठेवा, मी नुसता शेजारी बसतो.’ मग तीच ९ लाखांची गळती त्याने शोधून काढलेली ठरली असती.

साशंक: आणि त्याने ठेवलाच नाही तर? मला असे लोक माहीत आहेत. रिपोर्ट घेतात, आभार मानतात, ड्रॉवरमध्ये टाकतात. गळती दाखवायची म्हणजे आजवरची स्वतःची ढिलाई कबूल करायची. तू थांबणार किती दिवस?

उत्साही: दोन आठवडे. आणि वाट बघणार हे त्याला आधीच सांगून. ‘पंधरा तारखेला माझी फायनान्सशी भेट आहे, तिथे हा विषय निघणारच. त्याआधी तुम्ही साहेबांशी बोलून घेतलंत तर बरं.’ हे मी लपवत नाही. उलट माझा अनुभव असा की गोंधळ होतो तो आपण भेटी लपवतो म्हणून. परचेसला लिहिताना पहिल्याच ओळीत येऊ द्यावं की मेंटेनन्सच्या विनंतीवरून चाचणी झाली आहे, दराची बोलणी तुमच्याकडेच होतील. मग त्याने रजिस्टर बघितलं तरी त्याला नवीन काही सापडत नाही. परचेसवाल्याला राग येतो तो आपण दुसऱ्याला भेटल्याचा नाही. त्याला डावलून कुणीतरी दर बोललं असेल, या संशयाचा येतो.

साशंक: तो संशय बहुतेक वेळा खरा असतो.

उत्साही: म्हणून दर एकाच तोंडातून. सर्व्हिसवाल्याला कुणी किंमत विचारली तर त्याने ‘मला माहीत नाही’ असं म्हणू नये, कारण ते कुणालाच पटत नाही. त्याने म्हणावं, ‘दर फक्त अमुक सांगतात, आणि ते परचेसलाच सांगतात.’ एवढ्या एका वाक्याने अर्धी भांडणं मिटतात.

साशंक: गिऱ्हाइकाकडची मिटतात. घरातली कशी मिटवशील? आता आपल्या बाजूचं बघू. चाकणला पुण्याचा एरिया मॅनेजर जातो. त्याच कंपनीच्या मुंबईच्या हेड ऑफिसात आपला दुसरा माणूस बसलेला असतो, तिथल्या कॉर्पोरेट परचेसशी त्याची सहा वर्षांची ओळख. सर्व्हिस इंजिनिअरला ऑपरेटरपासून सगळे नावानिशी ओळखतात. वर भोसरीचा डीलर, ज्याने दहा वर्षं तिथे ऑइल आणि फिल्टर पुरवलेत आणि ज्याला वाटतं की तो कारखाना म्हणजे त्याच्या घरचं अंगण. या चौघांचे इन्सेंटिव्ह वेगळे. तू म्हणतोस खाडाखोड एकानेच करायची, दर एकानेच बोलायचा. तो एक कोण? ज्याच्या नावावर ऑर्डर पडेल त्याला पैसे मिळणार असतील, तर बाकीचे तिघे त्याला खरं कशाला सांगतील? मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एरिया मॅनेजरने चाकणला एक दर दिला. मुंबईवाल्याला ते ठाऊक नव्हतं. त्याने वार्षिक कराराच्या बोलण्यात त्याच मशीनला चार टक्के कमी दर सांगून टाकला. गिऱ्हाइकाने दोन्ही कोटेशनं एकत्र केली आणि तिसरा दर मागितला, दोन्हींपेक्षा कमी. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

उत्साही: इथे माझ्याकडे छानसं उत्तर नाही, थोडंसं आहे. पहिलं, इन्सेंटिव्ह वाटून द्यायचा, आणि तो आधी ठरवायचा. ऑर्डर आल्यावर वाटायला बसलं की प्रत्येकाला आपली भेट निर्णायक वाटते. हेड ऑफिसवाल्याचा वाटा, चाकणवाल्याचा वाटा, डीलरला सर्व्हिसच्या करारातला हिस्सा, हे पहिल्या कोटेशनच्या आधी कागदावर. दुसरं, परवानगी मागायची सक्ती नको, कळवायची हवी. परवानगीचा नियम केला की लोक तो चुकवतात, कारण वरचा माणूस फोन उचलत नाही आणि समोर गिऱ्हाइक बसलेलं असतं. कळवायला एक ओळ पुरते. ‘उद्या ११ ला फायनान्सला भेटतोय, विषय परतावा, दर बोलणार नाही.’ ही ओळ भेटीच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पडली पाहिजे, म्हणजे कुणाला थांबवायचं असेल तर थांबवता येतं. भेटीनंतर लिहिलेली नोंद म्हणजे पंचनामा. तिसरं, मालक एक. माझ्या मते जिथे मशीन बसणार तिथला. दराला मात्र मुंबईवाल्याची सही लागेल.

साशंक: म्हणजे दोन मालक.

उत्साही: हो. लोणच्याची बरणी एकाकडे आणि झाकण दुसऱ्याकडे. मला कळतंय. पण वार्षिक करार मुंबईत होतो ही गिऱ्हाइकाची रचना आहे, आपली नाही. त्यांच्याकडे सत्ता दोन ठिकाणी असेल, तर आपल्याकडे ती एका ठिकाणी असल्याचं नाटक करून उपयोग नाही.

साशंक: बरं, हे सगळं मी मान्य करतो. एकच पान, क्रम, आदल्या दिवशीची ओळ, वाटा आधी. आता मला खरी अडचण जिथे वाटते तिथे येऊ. तुझी सगळी व्यवस्था लिहिण्यावर उभी आहे. कोण कुणाला भेटलं, काय बोललं, हे सगळं सीआरएममध्ये टाकायचं, म्हणजे सगळ्यांना दिसेल. पण आपल्या धंद्यात जे खरोखर उपयोगाचं असतं ते कुणी लिहून ठेवण्यासाठी सांगत नाही. ते पार्किंगपर्यंत सोडायला आलेला माणूस सांगतो.

एका युटिलिटी इंजिनिअरने मला असंच सांगितलं होतं की प्रतिस्पर्ध्याचं कोटेशन आलंय, दर अमुक आहे, पण त्यांची सर्व्हिसची अट साहेबांना खटकतेय. मी प्रामाणिकपणे ते नोंदवलं, नावासकट. तुझ्यासारख्याच एका मॅनेजरचा हट्ट होता की नोंद नाही तर भेट झालीच नाही. आठवड्याने आमचा दुसरा माणूस परचेसकडे बोलणीला बसला. त्याने ती नोंद वाचली होती आणि जोशात बोलून गेला, ‘आम्हाला ठाऊक आहे, त्यांच्यापेक्षा आम्ही फक्त दोन टक्क्यांनी महाग आहोत.’ परचेसवाला काहीच बोलला नाही. त्याने एवढंच केलं, की तो दर कारखान्यात किती जणांना माहीत होता ते मोजलं. तिघांना. त्यातले दोघं परचेसचेच. त्या इंजिनिअरची नोकरी गेली नाही, पण पुढची बढती गेली. आता सांग, इथे समन्वय कमी पडला का? समन्वय अगदी झकास झाला होता. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

उत्साही: हे मला लागलं. मी त्या मॅनेजरसारखाच वागलो असतो.

मग कदाचित दोन प्रकार वेगळे करायला हवेत. आपण काय केलं आणि काय कबूल केलं, ते लिहायचं. भेट, तारीख, दिलेला आकडा, पाठवायचा राहिलेला कागद, दिलेला शब्द. त्यांनी विश्वासाने काय सांगितलं, ते लिहायचं नाही. गिऱ्हाइकाकडे विसंगती दिसते ती आपल्या बोलण्यात, म्हणून एकवाक्यता हवी ती आपल्या बोलण्यात. त्यांनी कानात सांगितलेलं ज्याला सांगितलं त्याच्याकडेच राहावं.

साशंक: ऐकायला बरोबर वाटतं. पण मग तुझ्याच पहिल्या गोष्टीकडे परत जा. युटिलिटी मॅनेजरची बदली साणंदला झाली आणि आठ महिन्यांचं काम गेलं. गेलं ते काय होतं? भेटींच्या तारखा? त्या तर तुझ्या डायरीत होत्या. गेलं ते कानात सांगितलेलंच. कोण कुणावर नाराज आहे, मागच्या वेळी प्रस्ताव का अडकला, साहेबांना कोणता शब्द आवडत नाही. तू ते लिहिणार नसशील, तर उद्या तू कंपनी सोडलीस की आपल्या बाजूनेही तेच होणार. त्यांची बदली झाली तर आपण आंधळे, आपली झाली तर आपलाच माणूस आंधळा.

उत्साही: नाव न लिहिता लिहिता येईल. ‘सर्व्हिसची अट महत्त्वाची, प्रस्तावात ती आधी मांडावी.’ निष्कर्ष लिहायचा, तो सांगणारा माणूस नाही.

साशंक: तिघांनाच माहीत असलेल्या गोष्टीत नाव गाळून काय गळतं? आणि निष्कर्ष वाचणाऱ्याला तो किती पक्का आहे हे कळायला सांगणारा कोण ते कळावं लागतं. युटिलिटीच्या इंजिनिअरने सांगितलं असेल तर एक वजन, डीलरने सांगितलं असेल तर दुसरं. डीलर तर आपल्याला घाबरवायला स्वतःच गोष्टी रचतो.

उत्साही: मग तोंडी. मालकाने मालकाला सांगायचं, बाकीच्यांना नाही.

साशंक: तू आत्ताच दोन मालक केलेस.

उत्साही: केले खरे. बरं, मग हे उदाहरण म्हणून नका घेऊ, मला खरंच विचारायचंय. काल रात्री साडेनऊला चाकणच्याच दुसऱ्या एका कारखान्यातून मेसेज आला, तिथल्या युटिलिटीच्या माणसाचा. ‘कोटेशन या आठवड्यात पाठवू नका. कारण भेटल्यावर सांगतो.’ एवढंच. मंगळवारी मुंबईवाला त्यांच्या हेड ऑफिसला जातोय, वार्षिक करारासाठी. त्याने आदल्या दिवशीची ओळ टाकलीय, माझ्याच नियमाप्रमाणे. त्यात लिहिलंय, ‘चाकणचं कोटेशनही सोबत देतो.’ मी त्याला थांब म्हटलं तर तो का विचारणार. का ते मला माहीत नाही, आणि कुणी सांगितलं ते मी सांगू शकत नाही.

साशंक: भेट कधी आहे?

उत्साही: बुधवारी.